जनीआजीचे बारा हीर

माझ्या आजीच्या खराट्याची मूठ एका लोखंडी कडीतून जावी लागते. माझे बाबा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. त्यांनी ती कडी बोटीच्या इंजिनरूममधून मागून आणली होती. पाइपची जुनी कडी, आतला व्यास बेचाळीस मिलिमीटर. इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला मोजमापाचा व्हर्नियर हातात आल्यावर मी पहिलं मोजमाप तिचंच घेतलं होतं. माडाच्या झावळ्या सोलून आजी हीर काढते, जुडी करते आणि कडीत सारते. जुडी सैल गेली तर अजून हीर घालते, अडकली तर चार काढते. कडीत घट्ट बसली की खराटा झाला. रत्नागिरीतली दोन दुकानं, आरे-वारेच्या रस्त्यावरची दोन-तीन हॉटेलं आणि आमच्या भाट्याचं तलाठी ऑफिस, सगळीकडे हेच खराटे चालतात.

जनी सीताराम पाष्टे, वय ब्याऐंशी. शाळा चौथीपर्यंत. सही करता येते आणि तिला त्याचा अभिमान आहे. अंगठा लावायला सांगितलं की ती समोरच्याचं पेनच मागून घेते. बोलणं कमी. आपल्याला कुणी काही विचारलं नाही तर आपणहून सांगायचं नाही, हा तिचा जुना हट्ट. भाजीत मीठ जास्त झालं तरी विचारेपर्यंत गप्प, आणि विचारलं की, "खारट हाय. पयल्या घासालाच कळलं."

आमचं मूळ गाव लांज्याकडे, आत डोंगरात. आजोबांच्या माघारी तिथली भातशेती आणि घर आजी आणि तिच्या दोन मुलांकडे आलं. थोरले माझे बाबा सखाराम, धाकटे केरूकाका. बाबा बोटीवर, शेती काका बघायचे. म्हणून त्र्याण्णव साली बाबांनी आणि आजीने रजिस्टर ऑफिसात जाऊन आपापला हक्क काकाच्या नावे सोडला. बाबांनी पुढे स्वतःच्या पगारातून भाट्याला अठरा गुंठे जागा घेतली, घर बांधलं, माड लावले. आजी तेव्हा काकाकडेच होती. पण हक्क सोडल्यावर त्या घरात काहीतरी बदललं होतं. भांडण नव्हतं, कुणी वाईट बोलत नव्हतं. आजी एवढंच सांगायची, "तांब्याभर पाणी घ्यायचं तरी केरूच्या बायकोच्या तोंडाकडं बघायला लागायचं." मग एके दिवशी बाबा तिला भाट्याला घेऊन आले. ती आली ती पिशवीभर कपडे आणि एक कोयती घेऊन. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. तिच्या डोळ्यांसमोर वाढलेले एकतीस माड आज फळाला आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाची तक्रार तिला तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बाबा अचानक गेले. हृदयविकाराचा झटका. वय एकसष्ट. मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं. बोटीवर सहा महिन्यांचं सामान यादी करून भरणारा माणूस, पण ही एक यादी त्यांच्या मनात कधी आली नसावी.

दिवसकार्य झाल्यावर माझ्या भावाने, समर्थने, योजना मांडली. तो पुण्यात नोकरी करतो. भाट्याच्या जागेला गिऱ्हाईक होतं, कुणाला तरी समुद्राजवळ पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. जागा विकायची, पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, आईने त्याच्याकडे राहायचं. माझी नोकरी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मी शहरात खोली घ्यायची. आणि आजी? आजी काकाकडे जाईल. हे वाक्य समर्थने इतक्या सहज म्हटलं की आम्ही सगळ्यांनी मान हलवली. आजी पडवीत हीर सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही, त्यामुळे ती बोलली नाही. त्या दिवशी सोलण्याचा आवाज मात्र जरा जास्त येत होता.

विक्रीच्या आधी सातबाऱ्यावर वारसांची नावं चढायला हवीत. त्यासाठी अर्ज, मृत्यूचा दाखला, वारस कोण ते सांगणारं घोषणापत्र आणि वंशावळ. वंशावळ काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी डिप्लोमावाली. केरूकाका सांगायला बसले. आमच्याकडे वंशावळ सांगतात ती मूळ पुरुषापासून. भिकाजीचा रावजी, रावजीचा सीताराम, सीतारामचे सखाराम आणि केरू. बायका त्यात नसतात. काकांनी सांगितलं तसं मी कॉम्प्युटरवर काढलं. सुरेख चौकोन, सारख्या अंतरावर, पाण्याच्या पाइपलाइनचा नकाशा असावा तशा सगळ्या रेषा वरून खाली. सखाराम (मयत) च्या खाली मी आईचं नम्रता, मग समर्थ आणि माझं दिशा अशी तीन नावं घातली. आईचं नाव घातलं, कारण विधवेला हिस्सा असतो हे आम्हाला ठाऊक होतं. खाली घोषणा लिहिली : याव्यतिरिक्त मयतास अन्य वारस नाहीत. तिघांनी सह्या केल्या.

मी आणि काका तलाठी ऑफिसात निघालो, तर आजीही पिशवी घेऊन बाहेर पडली. "खराटे द्यायचे हायत तिथं," म्हणाली.

आमच्या तलाठी मृणाली मॅडम. सरकारने आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण लोक तलाठीच म्हणतात आणि त्या ओ देतात. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी वंशावळ पाहिली, कौतुक केलं. "इतकी स्वच्छ वंशावळ माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आली."

काका पुढे सरकले. "मॅडम, ह्यात सखारामदादाच्या शेजारी मी हाय. भावाचा हिस्सा कुठं धरलाय?"

"भावाचा हिस्सा नाही, काका. बायको-मुलं आहेत तोवर भाऊ वारसात येत नाही."

"एका आईच्या पोटचे आम्ही!"

"तरी नाही. अहो, तुमचे वडील आज असते ना, त्यांनाही मुलाच्या मिळकतीत काही आलं नसतं. बापसुद्धा मागच्या रांगेत."

काकांना हे पटेना. ते म्हणाले, बापाला नाय म्हणजे काय, कायदा करणाऱ्याला बाप नव्हता काय? मॅडम हसल्या. तेवढ्यात आजीने कोपऱ्यात जुना खराटा उचलून त्याच्या जागी नवा ठेवला आणि जुन्याचे झिजलेले हीर बोटाने मोजत म्हणाली, "सा म्हयने टिकला. शिपाय ओल्या जमिनीवर वापरतो वाटतं."

"आजी, तुमचा खराटा म्हणून सहा महिने टिकला," मॅडम म्हणाल्या. मग मला विचारलं, "या तुमच्याबरोबर आल्यात? कोण तुमच्या?"

"माझी आजी. बाबांची आई."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा माझी सुरेख वंशावळ पाहिली, वरपासून खालपर्यंत. "मयताची आई हयात आहे? इथे माझ्यासमोर उभी आहे? आणि तुम्ही तिघांनी सही करून लिहून देता की अन्य वारस नाहीत?"

"पण ती तर वरच्या पिढीतली..." मी म्हटलं.

"तुम्ही सगळ्या रेषा खाली सोडल्यात. एक वर जाते. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळे एकाच रांगेत. सारखा हिस्सा. तुमच्याकडे वारस तीन नाहीत, चार आहेत. प्रत्येकाला चौथा भाग."

 काका आधी सावरले. "म्हंजे बापाला नाय आणि आयेला हाय?"

"हो."

"आये," काका आजीकडे वळून म्हणाले, "तू जागावाली झालीस गो!"

आजीने पिशवी खांद्याला अडकवली. "मला कुणी विचारलं काय?" एवढंच म्हणाली.

मॅडमनी अर्ज परत दिला. मी घरी जाऊन नवी वंशावळ काढली. वर जाणारी रेषा काढताना सगळे चौकोन सरकवावे लागले. पहिल्यासारखी सुरेख काही दिसली नाही. मग फेरफार नोंद झाली, नोटीस लागली, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली आणि सातबाऱ्यावर चार नावं आली : जनी, नम्रता, समर्थ, दिशा. सामाईक.

समर्थच्या योजनेत याने फारसा फरक पडला नाही. गिऱ्हाईकाला एकच सही हवी होती. म्हणून आजी, आई आणि मी, तिघींनी आपापला हक्क समर्थच्या नावे सोडायचा, असं ठरलं. बहिणीने हक्क सोडायचा असतो, हे मी लहानपणापासून लग्नाच्या जेवणासारखं गृहीत धरलेलं. आईने तर विचारही केला नाही. समर्थ मनाने वाईट नाही. त्याला खरंच वाटत होतं की सगळ्यांची सोय तो लावतोय.

रजिस्टर ऑफिसला जायच्या आदल्या संध्याकाळी आजीने मला पडवीत बोलावलं. समोर हिरांचा ढीग होता.

"बाय, उद्या सही कसली करायची हाय?"

"हक्कसोडपत्र गो. फॉर्मॅलिटी."

"ता मला समजत नाय. हीर मांडून दाखव."

मी अठ्ठेचाळीस हीर मोजून घेतले. "ही बाबांची सगळी जागा. घर, माड, विहीर, सगळं. आता चार वाटे." बारा-बारा हिरांचे चार वाटे मांडले. "हा तुझा, हा आईचा, हा समर्थचा, हा माझा."

"सारखे?"

"अगदी सारखे."

"माजे कुठले माड?"

"तसं नाही. कुठला माड कुणाचा हे वाटणी झाल्यावर ठरतं. आत्ता प्रत्येक माडात, प्रत्येक चिऱ्यात तुझा चौथा भाग आहे."

हे तिला आवडलं. तिने विहिरीकडे बघितलं, पायरीकडे बघितलं. मग विचारलं, "आणि उद्या?"

मी तिचा वाटा उचलून समर्थच्या वाट्यावर ठेवला. मग आईचा ठेवला. मग माझा. एका बाजूला अठ्ठेचाळीस हीर, बाकी तीन ठिकाणी पडवीची सारवलेली जमीन. मला ते चित्र बघून कसंतरीच झालं.  आजीने ढिगातून बारा हीर मोजून काढले, सुंभाने बांधले आणि उद्याच्या पिशवीत टाकले. मला वाटलं, कुणाला तरी नमुना दाखवायला नेत असेल.

रजिस्टर ऑफिसात आमचा नंबर लागायला दुपार झाली. समर्थ पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आला होता. जांभया देत कागद सांभाळत होता. दस्त तयार होता. आत कॅमेरा, अंगठा टेकवायचं यंत्र आणि टेबलामागे चष्मा लावलेले साहेब. वयाने सर्वांत मोठी म्हणून आजीला आधी बसवलं.

साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दिवसातून तो ते पन्नास वेळा विचारत असतील. "आजी, दस्तात काय लिहिलंय ते समजलं? मान्य आहे? कुणाचा दबाव नाही ना?"

झालं. आजीला कुणीतरी विचारलं होतं.

तिने पिशवीतून सुंभात बांधलेले बारा हीर काढले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. "सायेब, हे माजे बारा हीर. हक्क सोडल्यावर माज्याकडं किती ऱ्हातील?"

साहेबांनी हीर पाहिले, मग समर्थकडे पाहिलं. समर्थने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपला पाहिल्या.

"अठ्ठेचाळिसातले बारा," मी हळूच म्हटलं. "तिचा चौथा हिस्सा."

"अच्छा." साहेबांनी चष्मा सारखा केला आणि अगदी सरळ सांगितलं, "आजी, एकही नाही राहणार. दस्त नोंदला की तुमचा त्या जागेवर काही हक्क नाही."

"मग नाय मान्य."

"आजी!" समर्थ म्हणाला. "अगं, आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं हुतं. मी हीर सोलत हुती."

"पण तुला कुठे त्रास देतोय आम्ही? काकाकडे तू..."

"समर्था," आजी खुर्चीत त्याच्याकडे वळली, "त्र्याण्णव साली मी अशीच सही केली हुती. तेवा पण असाच सायेब हुता. त्यानं विचारलं, मान्य हाय काय? मी म्हटलं, हाय. मला वाटलं, पोरगाच तो, काय जातंय माजं. मग काय गेलं ता मला त्या घरात पाणी पिताना कळलं. केरूची बायको वायट नाय. पण घर तिचं आणि मी पावणी. आता ब्याऐंशीव्या वर्साला मी परत पावणी व्हायला जानार नाय. माजे एकतीस माड हायत. त्यांतला चौथा भाग माजा, आणि बाकीच्यांची राखन करायला मी पैसे मागत नाय."

बाहेरच्या बाकांवरचे लोक आत डोकावायला लागले होते. समर्थचा चेहरा लाल झाला. "मी त्या माणसाला शब्द दिलाय. काय सांगू मी त्याला आता?"

"सांग, आजी जिती हाय."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पेन ठेवलं. "आजी नाही म्हणतात म्हणजे विषय संपला. त्यांच्याकडून हा दस्त होणार नाही. बाकी दोघींचं करायचं?"

 आई उठली, टेबलाजवळ गेली आणि ते बारा हीर हातात घेऊन बघत राहिली. मग मला म्हणाली, "दिशा, माझेपण बारा आहेत ना गो?"

"हो."

"आणि मला कुणी विचारलं नाही ना, की मला पुण्याला जायचंय का?"

समर्थ चकित झाला. "आई, तुला जायचं नाहीये?"

"तिथं तिसऱ्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? तू कामावर, खाली कुणाशी ओळख नाही. मला वाटलं, तुझं ठरलंय, मग जायला हवं." आईने हीर आजीच्या पिशवीत नीट ठेवले. "आम्ही दोघी इथेच राहतो. तू महिन्यातून एकदा ये. मासे ताजे मिळतील."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मग मी कशाला सोडू? मलाही खोलीचं भाडं वाचतंय." मला फार धीट वगैरे वाटलं नाही, उलट लाज वाटली. कारण आदल्या संध्याकाळी ते तीन रिकामे वाटे मी मांडले होते आणि तरी सही करायला आले होते.

परत येताना खारेघाट रोड संपेपर्यंत समर्थ गिऱ्हाईकाच्या नावाने कुरकुरत होता. भाट्याच्या पुलावर आल्यावर एकदम म्हणाला, "हीर काय, साहेबांच्या टेबलावर हीर!" आणि हसायला लागला. इतका हसला की आईने त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. आजी मागच्या सीटवर पेंगत होती. डोळे न उघडता म्हणाली, "नीट चालव मेल्या. चौथा हिस्सा हाय माजा, फुकट जायला नको."

समर्थने पुढे दोन खोल्यांचाच फ्लॅट घेतला, कर्जावर. आता तो महिन्यातून एकदा येतो आणि जाताना नारळ आणि एक खराटा घेऊन जातो. पुण्यात खराटा कुठे वापरतो, ते विचारलं तर सांगत नाही.

खरी गंमत केरूकाकांची झाली. मुलगा गेल्यावर आईला चौथा हिस्सा आला. मग आई गेल्यावर तो कुणाला? हा हिशोब काकांनी गावी बसून केला. आणि आमच्याकडे फणस यायला लागले. मग कुळथाचं पीठ. मग काका स्वतः यायला लागले, दर पंधरा दिवसांनी, आणि आजीचे पाय चेपू का विचारायला लागले.

"केरूला आता माज्या पायांची आठवन झाली," आजी म्हणाली. "पाय नको चेपू. माडावर चढ."

काका सत्तावन्न वर्षांचे, पण माडावर अजून सरसर चढतात. नारळ काढायला माणूस मिळत नव्हता, तो प्रश्न सुटला. एकदा खाली उतरून घाम पुसत त्यांनी मला गाठलं. "दिशा, तुझ्या त्या मॅडमला विचार ना. आयेच्या माघारी तिच्या हिश्शाचं काय?"

मी विचारून आले होते. पडवीत आजीसमोरच बारा हीर घेऊन बसले. "आजीने मृत्युपत्र केलं नाही तर तिचे वारस तिची मुलं. म्हणजे तू आणि बाबा. बाबा नाहीत, म्हणून त्यांच्या जागी समर्थ आणि मी." सहा हीर काकांपुढे ठेवले, तीन समर्थचे, तीन माझे.

काकांनी सहा हीर दोनदा मोजले. चेहरा फुलला.

आजी मात्र वेगळ्याच ठिकाणी बघत होती. "ह्यात नम्रता कुठं हाय?"

"आईला यात नाही येत, आजी. मुलाच्या मिळकतीत त्याच्या बायकोला हिस्सा असतो. सासूच्या मिळकतीत सुनेला नसतो. आधी गेलेल्या मुलाची मुलं येतात, त्याची बायको नाही येत."

"पंचवीस वर्सं एका चुलीवर माज्याबरोबर हाय ती. माजं न्हानंधुनं ती करते. आणि तिला एक हीर पण नाय?"

"कायद्याने नाही. तू लिहून ठेवलंस तर."

आजीने तिन्ही वाटे गोळा केले. काकांचे सहाही. काकांचा हात त्या हिरांमागे थोडासा गेला आणि परत आला.

शेजारचे दीपककाका कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. त्यांनी सांगितलं, मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणीही सक्तीची नाही. पण दोन साक्षीदार पाहिजेत, आजीला सही करताना त्यांनी बघितलेलं पाहिजे, आणि ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आजीने सांगितलं, मी लिहिलं, वाचून दाखवलं. मजकूर एवढाच : भाट्याच्या जागेतला माझा चौथा हिस्सा माझ्या माघारी माझी सून नम्रता हिला. खाली आजीने सही केली, चार मिनिटं घेऊन, एकेक अक्षर. आई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि पदर डोळ्याला लावून "धूर झालाय" म्हणत होती. चूल पेटलेली नव्हती.

पहिले साक्षीदार दीपककाका. दुसरा कोण? आजीने हाक मारली.

"केरू! ये, सही कर."

काका माडाखाली कोयती घेऊन उभे होते. त्यांनी कोयती कमरेला लावली, आले, कागद वाचला. हळूहळू वाचला. "आये, ह्यात मला काय नाय."

"म्हनून तर तुला बोलावला. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार व्हता येत नाय. तू एकदम बरोबर मानूस."

"हा न्याय झाला?"

"केरू, गावचं घर, भाताची सगळी शेती सखारामनं तुला सोडली. मी पन सोडली. तेवा त्याच्या बायकोनं तोंडातून शब्द काडला काय?"

 काकांनी आईकडे पाहिलं, ती अजून दारातच होती. "नाय काढला," ते म्हणाले. मग कागद गुडघ्यावर घेतला, सही केली आणि पेन मला परत देताना म्हणाले, "वहिनी, चहा तरी मिळेल काय साक्षीदाराला?"

"मिळेल की भावोजी," आई आतून म्हणाली. "दूधवाला करते."

"चहा मागाहून," आजी म्हणाली. "आठव्या माडाची सुकी झावळी अजून लोंबतेय. ती पडायच्या आधी काड. तिचे हीर चांगले निघतील."

काकांनी एकदा माझ्याकडे बघून मान हलवली, कोयती सारखी केली आणि आठव्या माडाकडे निघाले. अर्ध्यावर चढल्यावर वरून ओरडले, "आये, पुढच्या पंधरवड्यात येऊ काय नको?"

"नाय आलास तर झावळ्या काय मी चढून काडू?" आजीने उत्तर दिलं, आणि कडी हातात घेऊन झावळीची वाट बघत माडाखाली जाऊन उभी राहिली.